टी-शर्टातल्या फोटोला कोट चढवायचाय, जॉब प्रोफाइलसाठी – नीट कसं करावं?

वाळूजकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा औसा तालुक्यातला, सध्या वाळूज एमआयडीसीत क्वालिटी इंजिनिअर आहे. कंपनी बदलायची म्हणून लिंक्डइन आणि नोकरीच्या बाकी साइटवरची प्रोफाइल नीट करायला घेतलीये. फोटो मात्र एकच बरा आहे. गच्चीवर भावानं काढलेला, संध्याकाळचा उजेड, चेहरा छान आलाय. अंगात गोल गळ्याचा मरून टी-शर्ट आहे.

मला त्यावर गडद निळा कोट, पांढरा शर्ट आणि टाय हवाय. फोटोशॉप नाही, म्हणून लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये फोटोपीआ उघडून खटपट केली. पारदर्शक पार्श्वभूमीचा कोट मिळाला. चेहरा मानेपासून कापला आणि त्या कोटावर ठेवला. पण मुंडकं आणून बसवल्यासारखं दिसायलंय. मान उगाच लांब वाटते, केसांच्या कडेला पांढरी रेघ राहते आणि कोट तर पुठ्ठ्याचा वाटतो. त्याआधी फोनवरचं एक ॲप वापरून बघितलं होतं. त्यानं कोट घातला, पण नाक बारीक केलं आणि मला दोन शेड गोरा केला. तसा फोटो मला लावायचा नाही.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी एकेक पायरी सांगितली तर बरं होईल. घाई नाही, शिकायची तयारी आहे.

कारभारी

भाऊ, तुमची पद्धत बरोबर आहे, हात बसला नाही एवढंच. डोकं कापताना Pen Tool वापरा, Lasso नको. कापून झालं की निवड एक-दोन पिक्सेल आत घ्या, म्हणजे पांढरी रेघ जाते. मान लांब वाटत असेल तर डोक्याचा थर थोडा खाली सरकवा आणि उरलेली मान Eraser नं पुसा. आणि उजेडाची बाजू बघा. चेहऱ्यावर डावीकडून उजेड आणि कोटावर उजवीकडून असेल तर कोट आडवा उलटवा, Flip Horizontal. निम्मा फरक तिथंच पडतो. आमच्या परभणीत निवडणुकीच्या बॅनरवर असंच करतात.

स्पर्धाविश्व

फोटो किती केबीचा पाहिजे? माझा फॉर्म अपलोड होताना सारखा एरर यायलाय. कोटातला फोटो असला तर छाननीत फायदा होतो का? मी पण करून घेतो मग.

पडद्यामागे

अंबाजोगाईत माझा स्टुडिओ आहे, त्यामुळे हे रोजचं काम आहे. आमच्याकडं याला ‘कोट चढवणं’ म्हणतात.

आधी स्पर्धाविश्व यांना. बाळा, हा धागा भरतीच्या अर्जाचा नाही. तिथला फोटो ओळख पटवण्यासाठी असतो, परीक्षेच्या दारात त्याच्याशी तुझा चेहरा ताडून बघतात. तिथं साधा, आत्ताचा, काही न बदललेला फोटो दे. पासपोर्टला तर सॉफ्टवेअरनं बदललेला फोटो चालतच नाही. केबीची मर्यादा ज्या त्या जाहिरातीत लिहिलेली असते, ती वाच.

आता वाळूजकर. तुम्ही डोकं कापलं, तिथंच सगळं अवघड करून घेतलं. डोकं कोटावर ठेवायचं नाही, कोट फोटोवर ठेवायचा. मूळ फोटो जसाच्या तसा खाली राहू द्या, पार्श्वभूमीसकट. वरच्या थरावर कोट आणा आणि टी-शर्ट झाकेल असा बसवा. केसांना हातच लागत नाही, त्यामुळं पांढऱ्या रेघेचा प्रश्न उरत नाही. मान तुमचीच, हनुवटीखालची सावली तुमचीच, मानेचा रंग चेहऱ्याशी जुळलेला. बनवायचं फक्त कॉलरपासून खाली. बॅनरवाले डोकं कापतात कारण त्यांना मागं दुसरंच काहीतरी लावायचं असतं आणि बॅनर लोक लांबून बघतात. प्रोफाइलचा फोटो एकटक बघतात.

पण यासाठी फोटो योग्य पाहिजे. मान पूर्ण दिसली पाहिजे, म्हणून गोल गळ्याचा टी-शर्ट चांगला. हूडी किंवा उंच कॉलर असेल तर ती नव्या कॉलरच्या वर डोकावते आणि झाकलेली मान आणायची कुठून? खांदे समोर असावेत, हात खाली असावेत. आणि फोटो हात लांब करून काढलेला सेल्फी नसावा. इतक्या जवळून चेहरा मोठा आणि खांदे अरुंद येतात. कोटाचा फोटो मात्र लांबून काढलेला असतो. मग कोट कितीही सरकवा, एक तर डोकं मोठं दिसणार, नाही तर खांदे. पाच-सहा फुटांवरून दुसऱ्या कुणी काढलेला असेल तर उत्तम.

तुमच्या फोटोत हनुवटीपासून टाळूपर्यंत किती पिक्सेल आणि खांद्याच्या टोकापासून टोकापर्यंत किती, ते Ruler नं मोजून सांगा. कोटाची रुंदीही सांगा.

वाळूजकर

काका, खूप आभार. फोटो भावानं लांबूनच काढलाय. पूर्ण फोटो 3024 × 4032 आहे. हनुवटी ते टाळू साधारण 1100 पिक्सेल, टी-शर्टाचे खांदे 2300. कोटाच्या चित्रात खांद्यापासून खांद्यापर्यंत 1400 आहे. मी कोट ताणून मोठा केला होता.

पडद्यामागे

म्हणूनच तो पुठ्ठ्याचा वाटायलाय. 1400 चा कोट 2300 ला ताणला की कापडाचं विणकाम जातं, शिवणी विरघळतात आणि वर तुमचा चेहरा एकदम स्पष्ट. लहान चित्र ताणायचं नाही, मोठं लहान करायचं. प्रोफाइलला शेवटी 800 × 800 सुद्धा भरपूर होतो.

किती लहान करायचं, ते खांद्यावरून ठरतं. कोटाला आतून पॅड असतं, त्यामुळं कोटाचे खांदे अंगातल्या खांद्यांपेक्षा दोन्हीकडं साधारण एकेक सेंटिमीटर बाहेर जातात. तुमचं डोकं 1100 पिक्सेल, म्हणजे तेवीस सेंटिमीटर धरलं तर एका सेंटिमीटरला 48 पिक्सेल पडतात. दोन्ही बाजूंचे मिळून शंभरेक. म्हणजे मूळ मापात कोट 2400 हवा आणि तुमच्याकडं आहे 1400. फोटो 58 टक्के करा, Image > Image Size मधून. खांदे 1340 च्या आसपास येतील आणि कोट न ताणता बसेल. लोक इथं अंदाजानं कोट मोठा घेतात, भारदस्त दिसेल म्हणून. मग डोकं चिमुकलं होतं आणि बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं.

आता File > Open & Place नं कोट आणा आणि त्याची पारदर्शकता निम्मी करा, खालचा टी-शर्ट दिसला पाहिजे. हलवायला Edit > Free Transform घ्या. फोटोशॉपच्या सवयीनं Ctrl+T दाबाल तर ब्राउझरचा नवा टॅब उघडेल.

कोटाची मधली रेघ, म्हणजे टायची गाठ, ती गळ्याच्या खळीवर आणायची. हनुवटीखाली नाही. आपण फोटोत मान थोडी कलती ठेवतो, तेव्हा हनुवटी एका बाजूला गेलेली असते आणि खळी जागेवर असते. गाठ हनुवटीच्या खाली नेली की अख्खं धड सरकल्यासारखं वाटतं. मग खांद्यांचा उतार बघा. जवळपास प्रत्येकाचा एक खांदा खाली असतो, चित्रातला कोट मात्र तंतोतंत सारखा असतो. आधी कोट थोडा फिरवा, आणि तरी एक खांदा जुळत नसेल तर Edit > Transform > Warp घेऊन तेवढाच कोपरा खाली ओढा. दोन्ही खांदे सरळ करायच्या फंदात पडू नका. तुमचा उतार ही तुमची ओळख आहे.

एवढं करा आणि थांबा. मानेचं काम वेगळं आहे, ते रात्री दुकान बंद केल्यावर लिहितो.

नळदुर्ग

मी धाराशिवचा, पुण्यात एका कारखान्यात भरतीचं काम बघतो. चर्चा चांगली चाललीये पण मूळ प्रश्न विचारतो: क्वालिटी इंजिनिअरला कोट-टाय कशाला? आमच्याकडं शॉपफ्लोअरच्या जागांसाठी येणाऱ्या प्रोफाइलमध्ये इस्त्रीचा फिका शर्ट असला तरी पुरे. कोट असला म्हणून कुणाला बोलावलं असं मी केलेलं नाही. उलट कोट चिकटवलेला आहे हे लक्षात आलं तर मनात शंका येते की बाकी माहिती कशी असेल. क्वालिटीच्या माणसाकडून तर मी जास्तच काटेकोरपणा धरतो. आणि कोट घालायचाच असेल तर लग्नाच्या कपड्यांच्या दुकानात भाड्यानं मिळतो. तो घाला, भावाला परत गच्चीवर बोलवा, खरा फोटो काढा.

वाळूजकर

सर, तुमचं म्हणणं पटतंय, पण मी ग्राहक कंपन्यांच्या ऑडिटला सामोरं जायच्या जागांसाठी अर्ज करतोय. तिथल्या लोकांच्या प्रोफाइल बघितल्या, बहुतेक कोटात आहेत. भाड्याच्या कोटाचं सुचलं नव्हतं. पण आता हे हाती घेतलंय तर पूर्ण शिकायचंय.

पडद्यामागे

नळदुर्गकर, भाड्याचा कोट हा सगळ्यात चांगला मार्ग, यात वाद नाही. माझ्या स्टुडिओतही खुंटीवर एक काळा कोट आणि रबरवाला टाय कायम असतो. सैल झाला तर पाठीमागून कपड्याचे चिमटे लावतो, समोरून कळत नाही. फक्त भाड्याचा कोट घेताना खांदा बघून घ्या, पोट नंतर आवळता येतं, खांदा नाही. पण कधी कधी चेहऱ्याचा एखादाच फोटो असा येतो की तो पुन्हा येत नाही, आणि माणूस म्हणतो हाच पाहिजे. तेव्हा हे काम करावं लागतं. शंकेबद्दल मात्र तुमचं-माझं एकमत होईल असं वाटत नाही. माझ्या मते कपडा बदलला तर माणूस बदलत नाही, चेहरा बदलला तर बदलतो. म्हणून चेहऱ्याला मी हात लावत नाही.

नळदुर्ग

तुमचा अनुभव मोठा आहे, पण मी भरतीच्या टेबलाच्या या बाजूनं बोलतोय. असो, तुमचं मानेचं वाचायला थांबलोय.

कारभारी

आणि उजेडाचं? वाळूजकरांनी सांगितलं नाही, पण कोट उलटवायचा सल्ला माझा अजूनही आहे.

वाळूजकर

बघितलं. चेहऱ्यावर बघणाऱ्याच्या डावीकडून उजेड आहे, कोटावर उजवीकडून. उलटवू का?

पडद्यामागे

कारभारी उजेडाबद्दल अगदी बरोबर बोलले. एका चित्रात दोन सूर्य चालत नाहीत. पण कोट उलटवला की तो बायकांच्या कोटासारखा बंद होतो. पुरुषांच्या कोटात घालणाऱ्याची डावी बाजू वर येते, छातीचा खिसा डावीकडं असतो आणि कॉलरच्या पट्टीवरचं काजही डावीकडंच. उलटवल्यावर हे तिन्ही उजवीकडं जातात. शिंप्याला पहिल्या नजरेत कळेल, आणि कोट रोज घालणाऱ्या साहेबालाही.

तुमच्या बाबतीत सुटका अशी, की चौकोन कापल्यावर खिसा आणि बटणं खालीच राहतील. डोकं आता 640 पिक्सेल आहे. 1200 चा चौकोन घेतला, वर सव्वाशे सोडले, तर हनुवटीखाली चारशे पस्तीस उरतात. त्यात टायची गाठ आणि पट्ट्यांचा वरचा भाग येतो. पट्टीवरचं काज दिसलं तर Clone Stamp नं बुजवा. म्हणजे तुम्ही उलटवू शकता. पण याच कोटाचा कंबरेपर्यंतचा फोटो करायचा असेल तर उलटवू नका, दुसरा कोट शोधा. चेहरा तर कधीच उलटवू नका. भांग दुसरीकडं जातो, तीळ दुसऱ्या गालावर जातो, आणि मुलाखतीत समोरच्याला काहीतरी वेगळं वाटत राहतं.

आता मान. इथं सावकाश वाचा, खरं काम हेच.

पारदर्शक कोटाच्या चित्रात बहुतेक वेळा कॉलरचा मागचा आतला भाग पण दिसतो, कारण तो कोट पुतळ्यावर घालून काढलेला असतो. तो भाग मानेच्या वर बसला की मान कापल्यासारखी दिसते. कोटाच्या थराला मास्क लावा, थरांच्या पॅनलखाली बटण आहे, आणि काळ्या ब्रशनं कॉलरच्या आतली सगळी जागा झाकून टाका, म्हणजे खालची खरी मान वर दिसेल. ब्रशची कड अगदी मऊ नको, अगदी कडक नको. 70-80 टक्के Hardness ठेवा. मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथं कॉलर कानाखाली चढते, तिथं आतल्या कॉलरची बारीक चिंचोळी पट्टी राहू द्या. ती राहिली की कॉलर मानेच्या मागून फिरून आल्यासारखी दिसते. पूर्ण पुसली तर कॉलर समोरून चिकटवलेली वाटते.

उंची किती? आरशासमोर उभं राहा, इस्त्रीचा शर्ट घाला, वरचं बटण लावा आणि हनुवटी ते कॉलर यात किती बोटं मावतात बघा. बहुतेकांना दोन किंवा तीन. तुमच्या आताच्या मापात हनुवटीच्या टोकापासून गाठीपर्यंत शंभर ते सव्वाशे पिक्सेल येतील. तुमची मान लांब दिसत होती, म्हणजे कॉलर खाली बसली होती. डोकं खाली ढकलू नका, कॉलर वर घ्या.

आणि कॉलर मानेला भिडली पाहिजे. एका बाजूला फट राहिली तर तिथून मरून रंग डोकावतो. Warp नं कॉलरचं तेवढंच टोक आत ओढा. खांद्याच्या बाहेर टी-शर्टाची बाही उरली असेल तर खालच्या फोटोच्या वर नवा थर घेऊन शेजारची पार्श्वभूमी Clone Stamp नं त्यावर उतरवा. मूळ थर खराब करायचा नाही.

मग दोन सावल्या. पहिली कॉलरची मानेवर पडणारी. कोटाच्या खाली आणि फोटोच्या वर नवा थर, मिसळण्याची पद्धत Multiply. रंग काळा घ्यायचा नाही, तुमच्याच मानेच्या सगळ्यात गडद भागातून उचलायचा. कॉलरच्या काठानं तीन-चार पिक्सेलची रेघ ओढा, Gaussian Blur दोन पिक्सेल. उजेड डावीकडून आहे, म्हणून उजव्या बाजूला ती थोडी जाड. दुसरी सावली हनुवटीची, जी गाठीवर आणि कॉलरच्या उजव्या पातीवर पडते. हा थर कोटाच्या वर, कोटाला Clipping Mask करून, मोठा मऊ ब्रश, 25-30 टक्के. मूळ फोटोत हनुवटीची सावली मानेवर कुठं संपते ते बघा आणि तीच कापडावर पुढं न्या. सावली मानेवर असते आणि कॉलरशी येऊन अचानक थांबते, यावरून आम्ही दुसऱ्याचं काम ओळखतो.

वाळूजकर

काका, मान जमली! आईला दाखवला तर म्हणाली कोट कुणाचा घेतलास. पण मला दोन गोष्टी खटकायल्यात. शर्ट ट्यूबलाइटसारखा पांढरा दिसतोय. आणि हनुवटीखाली त्वचा लालसर आहे, आधी कधी जाणवलं नव्हतं.

पडद्यामागे

तो लाल रंग टी-शर्टाचा आहे. मरून कापडावरून उजेड उसळून हनुवटीच्या खालच्या बाजूला लागलाय. टी-शर्ट होता तोवर डोळ्याला ते साहजिक वाटत होतं, आता खाली पांढरा शर्ट आला म्हणून उठून दिसतं. Hue/Saturation चा थर घ्या, Reds निवडा, Saturation वजा 15 पासून सुरू करा आणि मास्क लावून फक्त हनुवटीखाली आणि मानेवर ठेवा. गालापर्यंत नेऊ नका, चेहरा आजारी दिसेल. ओठ तर वाचवाच.

शर्टाचं कारण वेगळं. तुमचा फोटो संध्याकाळचा, पिवळसर. कोट स्टुडिओच्या पांढऱ्या दिव्यातला. संध्याकाळच्या उन्हात पांढरा शर्ट पांढरा नसतो. डोळ्याचा पांढरा भाग मोठा करून बघा, केवढा मळकट-पिवळसर आहे ते दिसेल. शर्ट त्याच कुळातला हवा, त्याच्यापेक्षा उजळ चालेल पण रंग तोच. कोटावर Curves चा थर Clipping Mask करून घाला. वरचं टोक खाली आणा, शर्टाचा सगळ्यात उजळ भाग 255 ऐवजी 230 च्या आसपास येईल असं. मग निळ्याच्या वक्रात वरचं टोक थोडं खाली, म्हणजे पिवळसर झाक येते. खालचं टोकही बघा. तुमच्या केसांतला सगळ्यात गडद भाग फोनच्या फोटोत पूर्ण काळा नसतो. कोटाच्या घड्या त्याहून काळ्या असतील तर कोट पुढं उडी मारून येतो. केसांएवढ्यावर आणा.

शेवटचं, कोटाची तीक्ष्णता. कोटाची कड चेहऱ्यापेक्षा धारदार असेल तर Gaussian Blur अर्धा पिक्सेल द्या, फार तर एक. आणि संध्याकाळच्या फोनच्या फोटोत जी बारीक रवाळ दाणेदारी असते ती कोटात नसते. Add Noise एक ते दोन टक्के, Monochromatic चालू करून. शंभर टक्के झूमवर बघून ठरवा, लहान करून नाही.

तपासायचं असं: सगळ्या थरांच्या वर एक पूर्ण राखाडी थर ठेवा आणि मिसळण्याची पद्धत Saturation करा. फोटो कृष्णधवल होईल. रंग गेल्यावर उजेडाची चूक लगेच दिसते. मग तो काढून अख्खं चित्र आडवं उलटवून बघा, फक्त बघायला. डोळा सरावलेला असतो, उलटवल्यावर वाकडा कोट वाकडा दिसतो. नंतर गोल कापून, फोनवर येतो तेवढा लहान करून बघा. प्रोफाइलचा फोटो गोलात दिसतो, कोपऱ्यातले खांदे जातात, त्यामुळं तिथं फार वेळ घालवू नका.

कारभारी

कृष्णधवलची युक्ती नवीन कळली, उद्याच वापरतो. मी आजवर उजेड डोळ्यानंच जुळवत होतो.

नळदुर्ग

वाळूजकरांनी मला फोटो दाखवला. जोडलेला आहे हे माहीत असूनही मला शोधावं लागलं. तरी माझं मत तेच: जमलं तर खऱ्या कोटात एक काढून ठेवा आणि सवडीनं हा बदला.

रानपाखरू

मी नांदेडची, बँकेच्या खासगी नोकरीसाठी प्रोफाइल करतेय. दादा-काका, सगळं कोट-टायचं झालं. माझा फोटो कुर्त्यातला आहे, ओढणी एका खांद्यावर आणि केस मोकळे, दोन्ही खांद्यांवर. मला ब्लेझर घालायचाय, आत साधा टॉप. वरची पद्धत चालेल का? मी करून बघितलं तर कोट केसांच्या वर आला.

पडद्यामागे

ताई, तुमचं काम अवघड आहे, खरं सांगतो. टायवाल्या कोटात गळा बंद असतो, म्हणून मान सोडून बाकी त्वचा लागतच नाही. ब्लेझरमध्ये आतल्या टॉपच्या गळ्याला खळीखालची त्वचा दिसते आणि ती तुमच्या फोटोत कुर्त्याखाली आहे. ती रंगवून आणली तर सपाट दिसते. म्हणून कुर्त्याचा गळा जिथं आहे त्याहून खोल गळ्याचा टॉप निवडू नका. बंद गळ्याचा किंवा कॉलरचा शर्ट घ्या. ओढणीची चिंता नको, ती कोटाखाली जाते. फक्त खांद्याबाहेर लोंबत असेल तेवढी पुसावी लागेल.

केसांचं म्हणाल तर मूळ फोटोची एक प्रत कोटाच्या वर ठेवून, मास्कमध्ये फक्त खांद्यावरचे केस उघडे करायचे. पण कुर्ता फिका आणि ब्लेझर गडद असेल तर बटांच्या मधून फिका कुर्ता डोकावत राहतो. त्या थराला Darken लावून बघितलं तर उलटं, फिका कुर्ता जातो पण गडद ब्लेझरवर केसच दिसेनासे होतात. माझा सल्ला, केस मागं बांधलेला फोटो असेल तर तो घ्या.

रानपाखरू

बांधलेल्या केसांचा एक आहे पण त्यात मी हसत नाहीये. कुर्ता पिवळा आहे. ब्लेझर गडद न घेता फिका राखाडी घेतला तर बटांमधला पिवळा कमी जाणवेल का?

कारभारी

ताई, माझ्या मते हो. पिवळ्याचा रंग Hue/Saturation नं काढून टाकला की तो राखाडीच होतो आणि ब्लेझरमध्ये मिसळून जातो. मी लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या केसांतून शालू झाकताना असं केलंय.

पडद्यामागे

हे सुचलं नव्हतं, आणि पटतंय. फिका राखाडी असेल तर Darken पण कामी येईल, कारण केस दोन्हींपेक्षा गडद. फक्त बटांच्या टोकाशी पिवळी झाक केसांवरही चढलेली असते, तिथं काय होईल ते करूनच कळेल. ताई, खांद्याजवळचा तेवढाच तुकडा आधी करून इथं टाका, चेहरा कापून टाकला तरी चालेल.